शेअर दाबलं, चॅट निवडलं, तरी फोटो जात नाही किंवा नुसती लिंक जाते: काहून होते आणि काय करायचं

प्रॉब्लेम सगळ्यांना माहीत आहे. गॅलरीत फोटो सिलेक्ट केले, शेअर दाबलं, चॅट निवडलं, पाठवलं, आणि मंग त्या फोटोवर घड्याळाचं चिन्ह तसंच बसून राहते, अर्धा तास झाला तरी तिथेच. किंवा अर्धे फोटो जातात आणि अर्धे राहतात. किंवा "फाइल फॉरमॅट सपोर्ट नाही" असा मेसेज येते. किंवा ब्राउझरमधून बिलाचं पान शेअर केलं तर समोरच्याकडे बिल उघडतच नाही, लॉगिनचं पान उघडते. आज ठीक झालं असं वाटते आणि चार दिवसांनी पुन्हा तेच. म्हणून हे जरा सविस्तर लिहून राहिलो, कारण वरवर हे चार वेगळे प्रॉब्लेम दिसतात पण मूळ बरंच एक आहे.

आधी एक विनंती. असं झालं की लोक पहिलं काम करतात ते म्हणजे चॅट अ‍ॅप काढून टाकायचं आणि नवीन टाकायचं. ते करू नका. बॅकअप घेतलेला नसेल तर जुनं चॅट सगळं जाईल, आणि ज्या कारणाने फोटो अडकून राहिला ते कारण बहुतेक वेळा चॅट अ‍ॅपमध्ये नसतेच.

आता मूळ गोष्ट. आपण शेअर दाबतो तेव्हा आपल्याला वाटते की गॅलरीने फोटो उचलला आणि चॅट अ‍ॅपच्या हातात ठेवला. अँड्रॉइडमध्ये तसं होत नाही. गॅलरी फोटो देतच नाही, फोटोचा पत्ता देते आणि सोबत सांगते की ही कोणत्या प्रकारची फाइल आहे. म्हणजे हातात जाते ते साधारण असं काही असते:

```
content://media/external/images/media/1042
image/jpeg
```

बस, एवढंच. वरची ओळ म्हणजे पत्ता, खालची म्हणजे प्रकार. आणि एक तिसरी गोष्ट असते जी दिसत नाही, ती म्हणजे "हा पत्ता उघडून वाचायची तुला तात्पुरती परवानगी आहे". नागपूर स्टेशनच्या क्लोकरूममध्ये बॅग ठेवली की पावती मिळते ना, तशी ही पावती समजा. पावती हातात आहे म्हणजे बॅग हातात आहे असं नाही. चॅट अ‍ॅपला ती पावती घेऊन परत जाऊन फाइल उचलावी लागते. फाइल तिथे नसेल, किंवा पावतीची मुदत संपली असेल, किंवा पावतीवर भलताच प्रकार लिहिला असेल, तर काम अडते. वरचे बहुतेक त्रास याच तीन जागी होतात.

म्हणून पहिली टेस्ट ही करायची, यात मिनिटभर लागते आणि अर्धं उत्तर इथेच मिळते. जो फोटो शेअर मेनूतून जात नाही आहे तोच फोटो उलट्या बाजूने पाठवून पाहा, म्हणजे चॅट उघडा, खाली पेपरक्लिपचं चिन्ह दाबा, गॅलरी निवडा आणि तिथून तोच फोटो पाठवा. असा गेला तर तुमचं नेट ठीक आहे, चॅट अ‍ॅप ठीक आहे, गडबड शेअर करतानाच्या देवाणघेवाणीत आहे. असाही नाही गेला तर शेअर मेनूच्या मागे लागू नका, नेट किंवा स्टोरेज पाहा. आणि तिसरी शक्यता, पेपरक्लिपवाल्या यादीत तो फोटो दिसतच नाही. हे सगळ्यात कामाचं आहे, ते पुढे सांगतो.

एक केस पूर्ण सांगतो म्हणजे समजेल. आमच्या वहिनींच्या भाचीचं साक्षगंध झालं, हॉल वर्धा रोडवर होता. वहिनींनी स्वतःच्या फोनवर भरपूर फोटो काढले, व्हिडिओही काढले, त्यात फोन गच्च भरला. रात्री घरी वायफायवर गूगल फोटोजचा बॅकअप झाला, आणि फोन सारखा "जागा कमी आहे" म्हणून राहिला होता म्हणून त्यांनी "फ्री अप स्पेस" दाबलं. त्यात काही चूक नाही, ते बटण त्याचसाठी आहे. दुसऱ्या दिवशी त्या माहेरी गेल्या, काटोलकडे, गावात नेट एक-दोन काडीचं. तिथून चाळीसेक फोटो सिलेक्ट करून घरच्या ग्रुपवर शेअर केले. सात-आठ गेले, बाकी अडकले. त्यांनी पुन्हा केले, पुन्हा काही गेले काही नाही, आणि ग्रुपवर तेच ते फोटो दोनदा-दोनदा पडले. मला फोन आला, "भाऊजी, याले झालं तरी काय?"

मी पहिले विचारलं की घड्याळ दिसून राहिलं की एक टिक. हे नेहमी विचारावं. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये घड्याळ म्हणजे मेसेज अजून फोनमधून बाहेरच गेला नाही. एक टिक म्हणजे सर्व्हरपर्यंत गेला, आता समोरच्याचा फोन बंद असेल किंवा त्याचं नेट नसेल, त्यात आपण काही करू शकत नाही. वहिनींकडे गेलेल्या फोटोंवर दोन टिक होते, काहींवर घड्याळ, आणि बरेचसे तर चॅटमध्ये आलेच नव्हते, शेअर करतानाच "फोटो तयार होत आहेत" असं काहीतरी फिरत राहिलं आणि कंटाळून त्यांनी मागे घेतलं. हे "तयार होत आहेत" हाच खरा पुरावा होता. फोटो फोनमध्येच असता तर तयार व्हायला काही वेळ लागत नाही.

मंग त्यांना सांगितलं की एक अडकलेला फोटो गूगल फोटोजमध्ये उघडा आणि बोटाने वर सरकवा. खाली माहिती येते: तारीख, जागा, कॅमेरा, आणि त्यातच फोटो कुठे आहे ते लिहिलेलं असते, बॅकअपमध्ये किती एमबीचा आहे आणि डिव्हाइसवर आहे का. त्यांच्या फोटोला बॅकअपची ओळ होती, डिव्हाइसवाली ओळच नव्हती. जो फोटो गेला होता तो उघडायला लावला, त्याला दोन्ही होत्या (हे दुसऱ्या दिवशी सकाळी काढलेले फोटो, बॅकअप-सफाईच्या नंतरचे). झालं, उत्तर मिळालं. स्क्रीनवर फोटो दिसतो ते फक्त लहान प्रिव्ह्यू आहे, खरी फाइल गूगलच्या सर्व्हरवर आहे, आणि शेअर दाबलं की आधी ती फाइल खाली उतरवावी लागते आणि मगच चॅटला देता येते.

आता हिशोब पाहा. एक फोटो साधारण 4 एमबी धरला तर चाळीस फोटो म्हणजे 160 एमबी खाली उतरवायचे. त्याच्यानंतर व्हॉट्सअ‍ॅप ते फोटो लहान करून पाठवते, साध्या क्वालिटीत एक फोटो काहीशे केबीचा होते, म्हणजे वर जाणारा डेटा सगळा मिळून दहा-पंधरा एमबीच्या आसपास. लोकांना वाटते की पाठवायला नेट लागते, इथे पाठवण्यापेक्षा आणायलाच दहापट लागून राहिलं होतं, तेही गावच्या नेटवर. नेट मधेच तुटलं की उतरणं थांबते आणि शेअरही थांबतो.

उपाय दोन होते. पहिला म्हणजे थांबायचं, वायफायवर आल्यावर ते फोटो सिलेक्ट करून आधी डाउनलोड करायचे आणि मग शेअर करायचे. एकच फोटो असेल तर फोटो उघडून तीन ठिपक्यांत डाउनलोडचा पर्याय येते, आणि गंमत म्हणजे तो पर्याय फोटो फोनवर नसेल तरच येते, म्हणजे ही पण एक ओळखायची खूण झाली. दुसरा उपाय म्हणजे फोटो पाठवायचेच नाहीत, त्यांची लिंक पाठवायची. गूगल फोटोजच्या शेअरमध्ये "क्रिएट लिंक" असते, ते दाबलं की चाळीसही फोटोंची एक लिंक बनते आणि ती दोन काडीच्या नेटवरही सेकंदात जाते, कारण फोटो आधीच सर्व्हरवर आहेत. वरून बॅकअपमध्ये जशी क्वालिटी आहे तशीच मिळते. यात एक लक्षात ठेवा की ज्याच्या हातात ती लिंक पडेल तो फोटो पाहू शकते, ग्रुपमधल्या कोणी पुढे पाठवली तर पुढचाही पाहील. घरच्या साक्षगंधाला ठीक आहे, पण आधार कार्डाच्या फोटोची अशी लिंक करू नका. वहिनींनी लिंक पाठवली. आणि काम झाल्यावर अल्बमच्या सेटिंगमध्ये जाऊन लिंक शेअरिंग बंद करता येते, तेही त्यांना सांगून ठेवलं.

आयफोनवाल्यांना हेच "ऑप्टिमाइझ स्टोरेज" मुळे होते, फोटो आयक्लाउडवर असतो आणि फोनमध्ये लहान कॉपी. लक्षण तेच, शेअर दाबल्यावर तयारी करत बसते. उपाय तोच, आधी फोटो उघडून पूर्ण उतरू द्या मग शेअर करा.

एक बारीक गोष्ट राहिली. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये एका वेळी फोटोंची मर्यादा आधी 30 होती, 2023 मध्ये ती 100 झाली. लग्नाचे तीनशे फोटो एकदम सिलेक्ट केले तर ते जाणार नाहीत, ते तुकड्यात पाठवा. आणि तुकडे करताना मधेच पुन्हा-पुन्हा शेअर दाबू नका, एक तुकडा पूर्ण टिक झाला की दुसरा, नाहीतर वहिनींसारखे डबल फोटो पडतील.

आता पावतीच्या मुदतीची गोष्ट. हे फोटोपेक्षा फाइलमध्ये जास्त दिसते. समजा मेलमध्ये पीडीएफ आली, तुम्ही ती मेलमध्येच उघडली, सेव्ह नाही केली, तिथूनच शेअर करून चॅटमध्ये टाकली. त्या क्षणी नेट नव्हतं, म्हणून पाठवायच्या रांगेत राहिली. तुम्ही सवयीने रीसेंटमधून सगळी अ‍ॅप वर सरकवून बंद केली. संध्याकाळी नेट आलं, चॅट अ‍ॅपने पुन्हा प्रयत्न केला, आणि "फाइल सापडली नाही" असं आलं, किंवा रिट्राय दाबलं तरी काहीच होत नाही. कारण वाचायची ती तात्पुरती परवानगी चॅट अ‍ॅपच्या त्या उघड्या स्क्रीनपुरती होती, ती बंद झाली, परवानगी गेली. काही चॅट अ‍ॅप हुशार असतात, पाठवा दाबल्याबरोबर फाइलची स्वतःची कॉपी करून ठेवतात, त्यांना पुढे काही फरक पडत नाही. व्हॉट्सअ‍ॅप अशी कॉपी ठेवते, ती तुम्ही फाइल मॅनेजरमध्ये पाहू पण शकता:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media/WhatsApp Images/Sent
```

पण सगळीच अ‍ॅप असं करत नाहीत, आणि ऑफिसच्या कामाची जी वेगवेगळी चॅट अ‍ॅप असतात त्यात हा त्रास जास्त येते. म्हणून नियम सोपा ठेवा: मेलमधली, ड्राइव्हमधली किंवा दुसऱ्या चॅटमधली फाइल आधी डाउनलोड करा आणि मग फाइल्स अ‍ॅपमध्ये जाऊन तिथून शेअर करा. हे एक पाऊल जास्त आहे पण फाइल तुमच्या फोनमध्ये पक्की बसली की पुन्हा पाठवायला काही अडत नाही. आणि अडकलेला मेसेज असेल तर रिट्राय करत बसू नका, तो डिलीट करून फाइल नव्याने शेअर करा, कारण जुन्या पावतीवर कितीही वेळा गेलात तरी बॅग मिळणार नाही.

स्टोरेजचं पण इथेच सांगतो. अ‍ॅप स्वतःची कॉपी करते म्हणजे तेवढी जागा अजून लागते. डॉक्युमेंट म्हणून व्हॉट्सअ‍ॅप 2 जीबीपर्यंत फाइल घेते, पण 1 जीबीचा लग्नाचा व्हिडिओ पाठवायचा आणि फोनमध्ये जागा उरली 500 एमबी, तर तो कसा जाईल? आणि तेव्हा मेसेज स्पष्ट "जागा नाही" असा येईलच असं नाही, नुसतं "पुन्हा प्रयत्न करा" पण येऊ शकते. म्हणून मोठी फाइल अडकली की पहिले सेटिंगमध्ये स्टोरेज किती रिकामं आहे ते पाहा.

मंग प्रकाराची भानगड. शेअर दाबल्यावर जी अ‍ॅपची यादी येते ती कशी बनते माहीत आहे का? प्रत्येक अ‍ॅपने फोनला आधीच सांगून ठेवलेलं असते की मी फोटो घेतो, मी व्हिडिओ घेतो, मी कोणतीही फाइल घेतो. फोन पावतीवरचा प्रकार पाहून तेवढीच अ‍ॅप दाखवते. म्हणून कधी कधी "माझं चॅट अ‍ॅप शेअरच्या यादीतून गायबच झालं" अशी तक्रार येते. ते गायब नसते झालेलं. बहुतेक वेळा तुम्ही फाइल्स अ‍ॅपमध्ये तीन फोटो आणि एक पीडीएफ असं सोबत सिलेक्ट केलेलं असते, अशा मिसळीचा प्रकार "काहीही" असा होते, आणि जे अ‍ॅप फक्त फोटो घेतो म्हणते ते यादीत येत नाही. फोटो वेगळे आणि पीडीएफ वेगळी पाठवा, अ‍ॅप परत दिसेल.

याच्याच जोडीचा दुसरा किस्सा म्हणजे नावात शेपूट नसलेली फाइल. काही वेबसाइटवरून पावती डाउनलोड केली की फाइलचं नाव नुसतं "रिसीट" किंवा एखादा नंबर असते, शेवटी .pdf नसते. फोनला कळतच नाही ही काय आहे, म्हणून शेअरच्या पावतीवर प्रकार असा पडते:

```
application/octet-stream
```

म्हणजे "काहीतरी फाइल आहे, काय ते माहीत नाही". चॅट अ‍ॅप मग म्हणते फॉरमॅट सपोर्ट नाही, किंवा पाठवते पण समोरच्याच्या फोनवर उघडत नाही. फाइल्स अ‍ॅपमध्ये त्या फाइलवर दाबून धरा, रीनेम घ्या, आणि नावाच्या शेवटी .pdf जोडा. फाइल खरंच पीडीएफ असेल तर लगेच उघडेल आणि जाईल पण. खरंच पीडीएफ नसेल तर शेपूट लावून ती पीडीएफ होणार नाही, तेव्हा वेबसाइटवरूनच परत उतरवा, बहुतेक वेळा डाउनलोड अर्धवट झालेलं असते.

आता ब्राउझर. इथे लोकांचा सगळ्यात जास्त घोटाळा होते आणि याचं कारण साधं आहे. गॅलरीत शेअर दाबलं की फाइलचा पत्ता जाते, पण ब्राउझरमध्ये पान उघडून मेनूतलं शेअर दाबलं की पान जात नाही, नुसता त्या पानाचा वेब पत्ता मजकूर म्हणून जाते. बातमी असेल, पाककृती असेल, तर त्यात काही अडचण नाही, समोरचा लिंक दाबते, पान उघडते. पण ते पान तुमच्या लॉगिनच्या आतलं असेल, जसं विजेचं बिल, मुलाचं हॉल तिकीट, बँकेचं स्टेटमेंट, रिझल्टचं पान, तर लिंक गेल्यावर समोरच्याला "सेशन एक्सपायर्ड" किंवा लॉगिनचंच पान दिसेल. तुम्ही दहादा शेअर करा, दहाही वेळा तेच होईल, कारण ते पान वेबसाइटने तुम्हाला दाखवलं होतं, लिंकला नाही. रिझल्टच्या दिवसांत हा प्रश्न आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर हमखास येते, पोराचा रिझल्ट पाहून आई खुशीने मामाला लिंक पाठवते आणि मामा म्हणते इथे तर सीट नंबर मागून राहिलं.

अशा पानाचं पीडीएफ करून पाठवायचं. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये पान उघडं ठेवून तीन ठिपके दाबा, शेअर घ्या, खाली जी चिन्हं येतात ती बाजूला सरकवत जा, त्यात "प्रिंट" सापडेल. हो, प्रिंटच, प्रिंटर नसला तरी. ते दाबलं की वरती प्रिंटर निवडायची जागा येते, तिथे "सेव्ह अ‍ॅज पीडीएफ" निवडा, खाली पानं कशी दिसतील ते पाहून घ्या, आणि पीडीएफचं गोल बटण दाबून डाउनलोडमध्ये सेव्ह करा. सेव्ह करताना नाव बदलून द्या, "बिल ऑगस्ट" वगैरे, नाहीतर पानाचं जे लांबलचक टायटल असते तेच नाव पडते आणि नंतर शोधत बसावं लागते. मग फाइल्समध्ये जाऊन ते पीडीएफ शेअर करा. आयफोनच्या सफारीत शेअर दाबल्यावर वरती पानाच्या नावाजवळ "ऑप्शन्स" लिहिलेलं असते, त्यात पीडीएफ निवडलं की पान पीडीएफ म्हणूनच जाते.

पीडीएफ केल्यावर एकदा उघडून पाहा, हे विसरू नका. काही वेबसाइटचं प्रिंटचं रूप वेगळं असते, त्यात कधी टेबल कापलं जाते, कधी खालची बटणं पूर्ण पानभर येतात. तसं झालं तर कागद आडवा करून पाहा, प्रिंटच्या वरच्या बाणात ओरिएंटेशन असते. तरीही नाही जमलं तर क्रोमच्या शेअरमध्येच लांब स्क्रीनशॉटचा पर्याय आहे, तो घ्या, तो फोटो म्हणून जाते आणि सगळीकडे उघडते.

क्रोमच्या मेनूत वरती बाणाचं एक डाउनलोड चिन्ह असते, त्यानेही पान सेव्ह होते पण ते .mhtml नावाच्या फाइलमध्ये, आणि ती फाइल चॅटवर पाठवली की समोरच्याच्या फोनमध्ये बहुतेक उघडत नाही. स्वतःला नंतर वाचायला ते ठीक आहे, दुसऱ्याला पाठवायला नाही.

ब्राउझरमधल्या फोटोचं पण तसंच. फोटोवर दाबून धरलं की मेनू येते, त्यात लिंक कॉपी करणं, फोटो डाउनलोड करणं, फोटो शेअर करणं असं सगळं असते. "शेअर इमेज" घेतलं तरच फोटो जाते, "शेअर लिंक" घेतलं तर पत्ता जाते. आणि गूगलच्या इमेज सर्चमधल्या चौकटीतला लहान फोटो तसाच शेअर केला तर तो खरंच तेवढाच लहान जाते, समोरच्याने झूम केलं की पूर्ण धूसर. आधी त्या फोटोवर दाबून तो ज्या वेबसाइटचा आहे ती उघडा आणि तिथला फोटो शेअर करा.

वर म्हटलं होतं की पेपरक्लिपवाल्या यादीत फोटो दिसतच नाही तर ते कामाचं आहे. ते असं. शेअर मेनूतून फोटो गेला तर चॅट अ‍ॅपला गॅलरी पाहायची परवानगी लागतच नाही, कारण पावती तुम्ही स्वतः हातात दिली. पण चॅटच्या आतून फोटो लावायचा तर अ‍ॅपला गॅलरी पाहावी लागते, म्हणून परवानगी लागते. अँड्रॉइड 14 पासून फोन विचारते की सगळे फोटो पाहू देऊ की निवडलेलेच, आणि घाईत कोणी "लिमिटेड" वालं दाबलं की अ‍ॅपला तेव्हा निवडलेले चार फोटोच दिसत राहतात, नवीन काढलेला एकही दिसत नाही. लोकांना वाटते फोटो डिलीट झाले. काही डिलीट नाही झालं. सेटिंगमध्ये अ‍ॅप्स, मग ते चॅट अ‍ॅप, मग परमिशन, मग फोटो आणि व्हिडिओ, तिथे सगळे निवडा. किंवा लिमिटेडच ठेवा आणि पाठवताना नेहमी गॅलरीतून शेअर करा. मला विचाराल तर दुसरं जास्त चांगलं, चॅट अ‍ॅपने घरचे सगळे फोटो पाहायची गरजच काय?

शेवटचा त्रास म्हणजे चुकीच्या माणसाला जाणं. शेअर दाबलं की वरती जे चेहरे येतात, म्हणजे ज्यांच्याशी तुम्ही नेहमी बोलता ते, ती ओळ चॅट अ‍ॅप फोनला देते आणि फोन तुमच्या वापराप्रमाणे ती बदलत राहते. काल पहिल्या जागी आई होती तर आज तिथे ऑफिसचा ग्रुप असू शकते, आणि कधी कधी ओळ उशिरा भरते आणि तुमचं बोट खाली जाईपर्यंत चेहरे सरकलेले असतात. म्हणून महत्त्वाचं काही पाठवायचं असेल तर चेहऱ्यावर दाबू नका, खालच्या अ‍ॅपच्या चिन्हावर दाबा आणि आतमध्ये नाव वाचून निवडा. बऱ्याच फोनमध्ये ते चिन्ह शेअरच्या यादीत दाबून धरलं की "पिन" येते, पिन केलं की ते अ‍ॅप नेहमी पुढे राहते आणि शोधावं लागत नाही. तरी चुकून गेलंच तर व्हॉट्सअ‍ॅपवर "डिलीट फॉर एव्हरीवन" अडीच दिवसांपर्यंत चालते, पण समोरच्याने तोवर फोटो आपल्या फोनमध्ये उतरवला असेल तर गॅलरीतली त्याची कॉपी राहू शकते, म्हणून लक्षात आल्याबरोबर डिलीट करा, रात्रीपर्यंत थांबू नका.